तीन टक्के स्लिप: जड कन्व्हेयर हळू सुरू करताना उष्णता जाते कुठे?

या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच आहे, फक्त अडखळणं काढलंय आणि आकडे नीट मांडलेत, कारण ऐकताना आकडे हातातून निसटतात.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. ते एका कोळसा हाताळणी विभागात शिफ्टला असतात. प्रश्न थोडक्यात असा: "पावसाळ्यात ओला कोळसा च्यूटमध्ये अडकतो, पट्टा भरलेल्या अवस्थेत थांबतो. परत सुरू करताना फ्लुइड कपलिंगचा फ्यूजिबल प्लग वितळतो आणि सगळं तेल बाहेर. एक जण म्हणतो प्लगच्या जागी बोल्ट मारा. दुसरा म्हणतो कपलिंग काढा, फ्रिक्शन क्लच बसवा. बरोबर कोण?"

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी कोड लिहिण्याची. पण काम कन्व्हेयरच्या कंट्रोल सिस्टिमवर चालतं, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: दोघंही चूक. का, ते समजायला एकच गोष्ट धरून चालायची आहे, ती म्हणजे स्लिप.

स्लिप म्हणजेच सॉफ्ट स्टार्ट

मोटर चालू केली की दोन-तीन सेकंदांत ती १४८० आरपीएमला जायला बघते. पट्टा मात्र शंभर टनांचा, तो जागचा हलायलाच वेळ घेतो. दोघांना कडक कपलिंगने जोडलं तर मोटर आपला सगळा जोर एकदम पट्ट्यावर टाकते. पट्टा ताणला जातो, ड्राइव्ह पुलीवर घसरतो, जॉइंटवर झटका बसतो. म्हणून मध्ये असं काहीतरी हवं, जे एका बाजूने १४८० ने फिरेल, दुसऱ्या बाजूने शून्यापासून हळूहळू वर येईल, आणि तोवर ठरावीक टॉर्कच पुढे देईल. दोन बाजूंच्या वेगातला हा फरक म्हणजे स्लिप.

हे काम फ्लुइड कपलिंग करतं आणि फ्रिक्शन क्लचही करतो. दोघांना एक नियम सारखाच लागू आहे: जेवढा टॉर्क आत येतो तेवढाच बाहेर जातो. गिअरबॉक्ससारखा तो वाढत नाही. मग आत येणारा टॉर्क आणि बाहेर जाणारा टॉर्क सारखा, पण आतला वेग जास्त आणि बाहेरचा कमी, तर मधली पॉवर गेली कुठे? उष्णतेत. टॉर्क गुणिले स्लिपचा वेग, एवढी उष्णता दर सेकंदाला तयार होणारच. मध्ये तेल आहे की लायनिंग, याने त्यात काही फरक पडत नाही.

म्हणजे "क्लच बसवला की गरम होणार नाही" हा युक्तिवाद इथेच संपतो. उष्णता तेवढीच असते. ती कुठे साठते आणि स्लिप कधी संपते, एवढाच फरक.

एक पट्टा घेऊन हिशोब करू

नमुन्यादाखल ६०० मीटर लांबीचा कन्व्हेयर घेऊ. कोळसा ताशी १००० टन, पट्ट्याचा वेग सेकंदाला २.५ मीटर, चढ ३० मीटर. एका मीटरवर साधारण १११ किलो कोळसा बसतो. त्यात वर जाणारा आणि परत येणारा पट्टा, आयडलर, पुली हे सगळं धरलं तर हलवायचं वस्तुमान १२० टनांच्या घरात जातं. पूर्ण वेगात, पूर्ण भरून चालताना पट्ट्याला सुमारे ६१ किलोन्यूटन ओढ लागते. मोटर २०० किलोवॅटची.

आता कपलिंग असो वा क्लच, त्याने मोटरच्या रेटेड टॉर्कच्या १५० टक्के टॉर्क पुढे द्यायचा असं ठरवू. मग १३० टक्के, मग ११० टक्के. मोटर आपल्या वेगाला आधीच पोचलेली आहे असं धरलंय.

```python
m, v, F = 120000, 2.5, 60800
P, eta = 200000, 0.93
for k in (1.5, 1.3, 1.1):
    a = (k * P * eta / v - F) / m
    t = v / a
    print(k, round(t, 1), round(k * P * t / 2 / 1000))
```

उत्तर असं येतं. पहिला आकडा टॉर्क, दुसरा सुरू व्हायला लागलेले सेकंद, तिसरा उष्णता किलोजूलमध्ये:

```
1.5 5.9 886
1.3 8.4 1086
1.1 14.3 1568
```

शेवटच्या ओळीत दोनने भागलंय, कारण स्टार्टभर पट्ट्याचा सरासरी वेग अर्धा असतो. आत आलेल्या ऊर्जेतली अर्धी पुढे जाते, अर्धी मध्येच उष्णता होते.

आता नीट बघा. सुरुवात जितकी मऊ, उष्णता तितकी जास्त. कारण पट्ट्याला वेग देण्याचा खर्च प्रत्येक वेळी तेवढाच असतो, सुमारे ३७५ किलोजूल. पण त्या वेळात कोळसा वर ओढायचं आणि घर्षण सोसायचं कामही चालूच असतं, आणि जितके सेकंद जास्त, तितकं ते काम स्लिपमधून जास्त जातं. त्यामुळे "अजून हळू सुरू करा, म्हणजे कपलिंगला त्रास होणार नाही" हे भरलेल्या पट्ट्याच्या बाबतीत उलटं आहे. पट्ट्याला आराम मिळतो, कपलिंगला नाही.

तेल स्लिप का सोडत नाही

फ्लुइड कपलिंगची कल्पना जर्मनीतल्या हर्मान फोटिंगर यांची. १९०५ सालचं पेटंट, आणि तेही जहाजांच्या टर्बाइनसाठी. आत पाती असलेल्या दोन वाट्या समोरासमोर असतात, एकमेकींना न टेकता. मोटरकडची वाटी फिरली की तेल बाहेरच्या कडेकडे फेकलं जातं, तिथून समोरच्या वाटीत शिरतं, तिच्या पात्यांना ढकलतं आणि आतल्या बाजूने परत येतं.

पण समोरची वाटी फिरायला लागली की तीसुद्धा तेल बाहेरच फेकायला बघते. दोन्ही वाट्या अगदी एका वेगाने फिरल्या तर दोन्हीकडून सारखाच रेटा येतो, आणि तेलाचं फिरणं थांबतं. तेल फिरलं नाही तर टॉर्क नाही. म्हणून टॉर्क द्यायचा तर थोडा फरक राहिलाच पाहिजे. पूर्ण लोडला हा फरक साधारण ३ टक्के असतो. मोटर १४८०, तर गिअरबॉक्सकडे १४३५ च्या आसपास.

याचा एक मोठा फायदा आहे. टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे मोटर अर्ध्या वेगावर असताना कपलिंग तिच्याकडून पूर्ण वेगाच्या एक चतुर्थांशच टॉर्क मागतं. मोटर जवळजवळ मोकळी वर जाते, सुरुवातीचा जास्तीचा करंट लवकर उतरतो, आणि मग पट्टा उचलला जातो. यासाठी सेन्सर नाही, व्हॉल्व्ह नाही, कंट्रोलर नाही. डिले चेंबर असलेल्या कपलिंगमध्ये काही तेल सुरुवातीला वेगळ्या कप्प्यात राहतं आणि हळूहळू कामाच्या जागेत येतं, त्यामुळे सुरुवात आणखी मऊ होते.

तोटाही त्याच ३ टक्क्यांत आहे. आपल्या पट्ट्याला चालताना मोटरकडून १६५ किलोवॅटच्या आसपास लागतात. त्याचे ३ टक्के म्हणजे जवळपास ५ किलोवॅट सतत उष्णता. आता १५० टक्क्यांच्या एका स्टार्टची उष्णता ८८६ किलोजूल, तिला ५ ने भागा. सुमारे १७७ सेकंद. म्हणजे एका पूर्ण भरलेल्या स्टार्टमध्ये जेवढी उष्णता होते, तेवढी कपलिंग चालताना दर तीन मिनिटांनी तयार करतंच. चालताना बाहेरचं कवच हवेत फिरत राहतं आणि ही उष्णता सोडत राहतं, म्हणून आपल्याला कळत नाही. दिवसाला २० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ३०,००० युनिट. युनिटला ८ रुपये धरा, वर्षाला २ लाख ४० हजार. क्लचवाल्यांचा खरा मुद्दा हा आहे. क्लच एकदा लॉक झाला की स्लिप शून्य, उष्णता शून्य.

मग क्लच का नको?

कारण उष्णता तेवढीच, पण ती ठेवायला जागा कमी.

आपल्या मापाच्या कपलिंगमध्ये साधारण २० लिटर तेल धरू आणि ७० किलो ॲल्युमिनियम. दोन्ही मिळून एक अंश तापायला साधारण १०० किलोजूल लागतात. म्हणजे एका स्टार्टला सगळं मिळून ९ अंश वाढ. सुरुवातीला तेल एकटंच तापतं, मग धातू वाटा उचलतो, पण शेवटी हिशोब तिथेच येतो.

कोरड्या क्लचमध्ये उष्णता दोन पृष्ठांच्या मधल्या पातळ थरात जन्मते. लायनिंग उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे जवळपास सगळी लोखंडी प्लेटमध्ये जाते. प्लेट २० किलोची असेल तर एका अंशाला १० किलोजूल, म्हणजे त्याच स्टार्टला ९० अंश, आणि तेही उष्णता प्लेटभर पसरल्यावर. स्टार्टच्या पहिल्या क्षणी पट्टा थांबलेला आणि मोटर पूर्ण वेगात, त्यामुळे सगळे ३०० किलोवॅट त्या पृष्ठावर. घासणारं क्षेत्र ०.१५ चौरस मीटर धरलं तर पृष्ठाचं तापमान एका स्टार्टमध्ये २०० अंशांच्या आसपास चढतं. रेझिनने बांधलेल्या लायनिंगला दोन-अडीचशेच्या पुढे त्रास सुरू होतो. पकड कमी होते, पकड कमी म्हणून स्लिप लांबते, स्लिप लांबली म्हणून उष्णता अजून वाढते. पृष्ठ काचेसारखं चकचकीत होतं आणि जळका वास येतो. पाच मिनिटांनी दुसरा स्टार्ट दिला तर प्लेट अजून पुरती निवलेलीही नसते.

दुसरा मुद्दा शेवटच्या क्षणाचा. बऱ्याच लायनिंगमध्ये थांबलेल्या पृष्ठांची पकड घसरणाऱ्या पृष्ठांपेक्षा जास्त असते. त्यामुळे स्लिप शून्यावर येताना टॉर्क एकदम उडी मारतो, आणि पाच-सहा सेकंद जपून आणलेल्या पट्ट्याला अखेरीस झटका बसतोच. तेलात हे होत नाही, कारण तिथे स्लिप कमी होताना टॉर्कही आपोआप उतरतो.

मोठ्या कन्व्हेयरवर क्लच वापरतातच, पण तो ओला, अनेक प्लेटचा असतो. प्लेटमधून पंपाने तेल वाहतं, बाहेर कूलर असतो, आणि दाब कंट्रोलर ठरवतो. म्हणजे उष्णता ठेवायला त्यांनीही तेलच आणलं, आणि शेवटी प्लेट लॉक करून ते ३ टक्के वाचवले. ड्राइव्ह हजार किलोवॅटची असेल तर हे पटतं. दोनशेच्या ड्राइव्हला पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि कोळशाच्या धुळीतली देखभाल वाचलेल्या युनिटांच्या समोर ठेवून बघावी लागते.

आता प्लग का वितळतो ते

श्रोत्यांच्या प्रश्नातली मुख्य गोष्ट ही की तिथे पट्टा हळू सुरू होत नाहीये. तो हलतच नाहीये. च्यूटमध्ये ओला कोळसा घट्ट बसलाय, पट्टा धरून ठेवलाय. मग बाहेरचा वेग शून्य, स्लिप १०० टक्के. अर्धीच उष्णता हा हिशोब गेला, आता आत येणारे सगळे ३०० किलोवॅट तेलात. १०० किलोजूलला एक अंश, तर सेकंदाला ३ अंश.

कपलिंग आधीच चालून ७५ अंशांवर असेल आणि प्लग १४० अंशांचा असेल, तर मधले ६५ अंश पार व्हायला २२ सेकंद. आणि तेल धातूच्या पुढे तापतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून लवकरच.

एवढ्या वेळात मोटरचं ओव्हरलोड रिले काय करतं? काहीच नाही. कपलिंगने टॉर्क १५० टक्क्यांवर अडवलाय, त्यामुळे मोटरला वाटतं थोडा जास्त लोड आहे इतकंच. दीडपट करंटला थर्मल रिले एक-दोन मिनिटं सहज थांबतं, कधी त्याहून जास्त. मोटर सुरक्षित असते आणि कपलिंग उकळत असतं. पट्टा अडकलाय हे त्या क्षणी ओळखणारी एकच वस्तू उरते: तो प्लग. तो वितळतो, तेल बाहेर पडतं, टॉर्क संपतो.

त्याच्या जागी बोल्ट मारला तर हा शेवटचा राखणदारही गेला. तेल तापत राहणार, सील जळणार, आत दाब वाढणार. कवच फुटलं तर गरम तेलाचा फवारा कोळशाच्या धुळीवर आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसावर. क्लच बसवला असता तर? १० किलोजूलला एक अंश, म्हणजे सेकंदाला ३० अंश. दहा सेकंदांत ३०० अंश चढलेली प्लेट, आणि तिला प्लगही नाही.

करायचं काय

टेल पुलीवर झिरो स्पीड स्विच असतो. बहुतेक कोळसा कन्व्हेयरवर तो बसवलेला असतोच, फक्त स्टार्टच्या वेळी तो किती सेकंद बायपास राहतो ते तपासा. ही वेळ ३० किंवा ४० सेकंद ठेवलेली असेल, तर अडकलेल्या पट्ट्यावर प्लग आधी जाणार हे ठरलेलंच. आपल्या उदाहरणात भरलेला पट्टा ६ सेकंदांत वेगात येतो. मोटर वर येण्याचे दोन-तीन सेकंद आणि थोडी सूट धरून ही वेळ १२ सेकंद ठेवू. तेवढ्यात पट्टा वेगात आला नाही तर मोटर ट्रिप. १२ सेकंदांत ३६ अंश वाढले, ७५ चे १११ झाले. तेल त्याहून थोडं गरम असेल, पण प्लग वाचला.

पण लगेच दुसरा प्रयत्न केला तर अजून ३६, म्हणजे १४७. प्लग गेला. म्हणून नियम असा की एक स्टार्ट फसला की आधी च्यूट मोकळा करायचा, आणि स्टार्टचं बटण मधल्या वेळेसाठी लॉजिकमध्येच बंद ठेवायचं. थांबलेलं कपलिंग हवेत फिरत नसतं, म्हणून ते वाटतं त्यापेक्षा हळू निवतं. दहा मिनिटांत ते थंड झालं असेल असं गृहीत धरू नका. कपलिंगवर थर्मल स्विच असेल तर त्याचाच सिग्नल घ्या.

दुसरी तपासणी पट्टा चालू असतानाची. हातातल्या टॅकोमीटरने कपलिंगच्या दोन्ही बाजूंचा वेग मोजा, गार्ड न काढता, बाहेरून. १४८० आणि १४३५ असेल तर ठीक. १४८० आणि १३८० दिसलं, तर स्लिप जवळजवळ ७ टक्के. मग मोटरचा करंट बघा. करंटही जास्त असेल तर पट्ट्यावर लोड जास्त आहे, किंवा आयडलर जॅम झालेत. करंट नेहमीइतकाच आणि तरी स्लिप जास्त, तर तेल कमी आहे. प्लग बदलल्यावर घाईत अंदाजाने तेल भरलं की हेच होतं. कमी तेल म्हणजे सुरुवात मऊ, पण चालताना स्लिप आणि उष्णता दोन्ही जास्त, आणि तापायला तेलही कमी. जास्त तेल भरलं तर स्लिप उतरते, पण सुरुवातीचा टॉर्क वाढतो आणि पट्ट्याला तो झटका परत बसायला लागतो. म्हणून तेल लेव्हल मार्कप्रमाणेच, कपलिंग थांबवून आणि थंड असताना भरायचं.

"व्हीएफडी का नाही?" असं कोणी विचारेलच. तिथे मोटरच हळू सुरू होते, त्यामुळे स्लिपचा हा प्रश्न मुळातच बराचसा राहत नाही. पण ज्यांच्याकडे आज कपलिंग बसलेलं आहे, त्यांच्या येत्या पावसाळ्याला एक टायमर बदलून फरक पडेल. श्रोत्यांना हेच कळवलंय: बोल्ट नको, क्लचही नको. च्यूट मोकळा, स्विचची वेळ १२ सेकंदांच्या आसपास, म्हणजे तुमच्या पट्ट्याचा हिशोब करून, आणि प्लग कपलिंगसाठी ठरवून दिलेल्या अंशांचाच.